७५०० चा डिफेक्ट क्लोज करण्याआधी: या चुका टाळा

कळंगुटच्या एखाद्या हॉटेलचं बुकिंग अ‍ॅप घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं एका रात्रीचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. अ‍ॅप मात्र बरोबर ७५०० च्या खोलीलाही १८ टक्के लावत होतं. डेव्हलपरने एक चिन्ह बदललं:

```
- if (tariff >= 7500) rate = 18;
+ if (tariff > 7500) rate = 18;
```

टेस्टरने ७५०० ची खोली बुक केली, कर ३७५ रुपये आला, डिफेक्ट क्लोज. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तक्रारीत लिहिलेला आकडा तेवढा तपासला जातो. ७४९९ आणि ७५०१ घालून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

खरी मेख `tariff` मध्ये आहे. ही किंमत येते कुठून? नाताळच्या आठवड्यात गोव्यात भाडं रोज बदलतं. समजा, पहिली रात्र ७००० ची आणि दुसरी ८००० ची. कर प्रत्येक रात्रीचा वेगळा धरायचा, म्हणजे ३५० अधिक १४४०, एकूण १७९० रुपये. पण अ‍ॅप दोन रात्रींची सरासरी काढत असेल, तर ती नेमकी ७५०० येते. फिक्सच्या आधी या बुकिंगला २७०० रुपये कर लागत होता, आता ७५० लागेल. आधी पाहुण्याकडून जास्त घेतले जात होते, आता कमी घेतले जातील, आणि ७५०० च्या एका रात्रीची टेस्ट मात्र हिरवीगार दिसेल. सवलतीचंही तसंच: ८००० च्या खोलीवर दहा टक्क्यांचं कूपन लावलं की भाडं ७२०० होतं. कराचा दर कूपन वजा केल्यावर ठरतो का, हे एकदा बघून घ्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त बुकिंगचा स्क्रीन तपासणं. बदललेला कोड डेव्हलपरकडून मागून घ्या आणि तीच अट आणखी कुठे आहे ते शोधा:

```
grep -rn "7500" src/
```

रद्द केलेल्या बुकिंगचा परतावा वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि तिथे जुनं `>=` तसंच राहून जातं. मग पाहुणा ७८७५ भरतो आणि रद्द केल्यावर त्याला ८८५० परत मिळतात. हॉटेलचे ९७५ गेले. अकाउंट्सवाला आरडाओरडा करणार तो महिनाअखेरीस, हिशेब जुळेना म्हणून. grep वर फार विसंबूही नका. आकडा डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ठेवला असेल तर तो यात सापडणार नाही, म्हणून बुकिंग, बिल, तारीखबदल आणि परतावा हे चारही प्रत्यक्ष करून बघा.

यात काही सापडलं तर जुना डिफेक्ट सरसकट रीओपन करू नये. परताव्यातलं `>=` हे त्याच दोषाचं राहिलेलं शेपूट, तिथे रीओपनच करा. सरासरीची चूक आधीपासूनची आणि वेगळ्या कारणाची, तिच्यासाठी नवा डिफेक्ट नोंदवून जुन्याला लिंक करा.