टोकाचा पूर्णांक मूळ असमानतेत घालून पाहा

म्हापशात माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं −7 < 3 − 2x ≤ 8 यात बसणारे पूर्णांक x किती, इथे हमखास अडतात. 3 वजा केले की −10 < −2x ≤ 5. आता −2 ने भागताना चिन्हं उलटतात, पण ‘बरोबर’ची रेघ 5 सोबतच राहते: −2.5 ≤ x < 5. ती रेघ दुसऱ्या टोकाला गेली, की x = 5 फुकट मोजला जातो आणि 7 ऐवजी 8 येतात.

म्हणून टोकं मूळ असमानतेत घालाच. x = 5 ला −7 < −7, खोटं. x = −3 ला 9 ≤ 8, तेही खोटं. म्हणजे −2 ते 4: 4 − (−2) + 1 = 7. शून्य मोजायला विसरू नका.