तमिळमध्ये भाजी घेताना : विचारणं सोपं, उत्तर ऐकणं अवघड

विटा-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी कोइमतूरला आलेले असोत की नोकरीसाठी चेन्नईत उतरलेले, नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच भाजी घ्यावी लागते. भाज्यांची नावं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. ‘एव्ळो?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ हेही लगेच जमतं. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण समोरून आलेलं उत्तर कळत नाही. म्हणून खाली एक अख्खी खरेदी संवादाच्या रूपात दिली आहे. घरात दोघांनी मोठ्याने म्हणून बघा. एकाने भाजीवाली व्हायचं आणि भाव दर वेळी बदलून सांगायचे, म्हणजे कानाला सवय होईल.

आधी लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. इथे पुस्तकी तमिळ दिलेली नाही, बाजारात बोलतात तशी दिली आहे. ‘वेंडैक्काय्’ असं लिहितात, पण कानावर ‘वेंडक्का’ पडतं. तमिळमधला जीभ मागे वळवून काढायचा ‘ऴ’ आम्ही सरळ ‘ळ’ लिहिला आहे. बरेच तमिळ लोकही तो तसाच उच्चारतात आणि मराठी माणसाला ‘ळ’ जन्मापासून येतो, त्यामुळे तिथे तुमचं अडणार नाही.

हाक मारण्यापासून सुरुवात करू. भाजीवाली बाई तुमच्या वयाची किंवा थोडी मोठी असेल तर ‘अक्का’, म्हातारी असेल तर ‘अम्मा’ किंवा ‘पाट्टि’ (आजी). पुरुषाला ‘अण्णा’, लहान मुलाला ‘तंबि’. क्रियापदाच्या शेवटी ‘ंग’ लावायचं, ते आपल्या ‘द्या’सारखं आदराचं आहे. ‘कुडु’ म्हणजे दे, ‘कुडुंग’ म्हणजे द्या. अनोळखी मोठ्या माणसाला ‘कुडु’ म्हटलेलं उद्धट वाटतं, आणि कोइमतूर भागात तर हे जास्तच जाणवतं, कारण तिथे साध्या बोलण्यातही पदोपदी ‘ंग’ असतो. ती तुम्हाला ‘कण्णु’ म्हणाली तर ते लाडाने म्हटलेलं आहे, ‘बाळा’सारखं.

आता आकडे. हे पक्के झाल्याशिवाय संवादाकडे जाऊ नका.

एक ते दहा : ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओंबदु, पत्तु.
दहाचे : इरुवदु (20), मुप्पदु (30), नाप्पदु (40), अंबदु (50), अरुवदु (60), एळुवदु (70), एंबदु (80), तोण्णूरु (90), नूरु (100).
मधले : पदिनंजु (15), इरुवत्तंजु (25), मुप्पत्तंजु (35), अंबत्तंजु (55), एंबत्तंजु (85).
वजनं : काल किलो (पाव), अर किलो (अर्धा), मुक्काल किलो (पाऊण), ओण्णर किलो (दीड).

यात फसवणारे आकडे ठरलेले आहेत. ओंबदु, अंबदु आणि एंबदु म्हणजे 9, 50 आणि 80. तिन्हींमध्ये फरक फक्त पहिल्या स्वराचा, आणि बाजाराच्या गलक्यात तोच स्वर हरवतो. दुसरा तोण्णूरु : शेवटी ‘नूरु’ ऐकू येतं म्हणून नवीन माणूस 90 ऐवजी शंभर समजतो. शंका आली की आकड्याच्या शेवटी ‘आ’ लावून उलट विचारायचं. ‘अंबदा? एंबदा?’ म्हणजे ‘पन्नास का? ऐंशी का?’ तमिळमध्ये शेवटच्या ‘आ’ने प्रश्न होतो, आणि हा एवढा ‘आ’ आला तरी निम्मं काम भागतं.

संवादातले भाव सरावापुरते घेतले आहेत. ‘तु’ म्हणजे तुम्ही, ‘भा’ म्हणजे भाजीवाली.

तु : अक्का, तक्काळि किलो एव्ळो? (टोमॅटो किलो कसे?)
भा : नाट्टु तक्काळिया, बेंगळूर तक्काळिया?

इथेच पहिली अडखळण होते. भावाऐवजी प्रश्न परत येतो. ‘नाट्टु’ म्हणजे गावठी : गोल, रसदार, आंबट. रस्सम आणि आमटीला हाच घ्या. ‘बेंगळूर’ म्हणजे लांबट, घट्ट, दोन दिवस जास्त टिकणारा, कोशिंबिरीला बरा.

तु : नाट्टु.
भा : किलो नाप्पदु.
तु : अर किलो पोडुंग. केट्टिया पात्तु पोडुंग. (अर्धा किलो टाका. घट्ट बघून टाका.)

‘पात्तु पोडुंग’, म्हणजे ‘बघून टाका’, हे वाक्य कुठल्याही भाजीला चालतं. नुसतं ‘नल्लदा पात्तु पोडुंग’ (चांगली बघून टाका) म्हटलं तरी वरवरची मऊ फळं बाजूला पडतात.

भा : वेर एन्न वेणुम? (आणखी काय हवं?)
तु : वेंडक्का एव्ळो? (भेंडी कशी?)
भा : किलो अरुवदु.
तु : पिंजा इरुक्का? (कोवळी आहे का?)
भा : इन्निक्कुदान वंदुच्चु. (आजच आली.)
तु : नाने एडुत्तुक्कलामा? (मीच निवडून घेऊ का?)
भा : एडुत्तुक्कोंग. (घ्या.)
तु : काल किलो.

निवडण्याआधी विचारावं. भेंडीचं टोक मोडून बघण्याची पद्धत तिकडेही आहे, पण मोडलेली भेंडी परत ढिगात टाकू नका. जून भेंडीला ‘मुत्तल’ म्हणतात. वांग्याच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं, ‘सोत्तै इल्लाम पोडुंग’, म्हणजे किडकं नको. वांगं तिथे ‘कत्रिक्का’.

तु : वेंगायम काल किलो वेणुम. (कांदा पाव किलो हवा.)
भा : चिन्न वेंगायमा, पेरिय वेंगायमा?
तु : चिन्न वेंगायम. एव्ळो?
भा : काल किलो इरुवदु.

पुन्हा प्रश्न. ‘चिन्न’ म्हणजे सांबारात घालतात ते छोटे कांदे, ‘पेरिय’ म्हणजे आपले नेहमीचे. आणि आता भाव नीट ऐका. ‘इरुवदु’ म्हणजे वीस, पण ते किलोचे नाहीत, पावाचे आहेत. किलोला ऐंशी झाले. छोटा कांदा, लसूण (पूंडु), आलं (इंजि), फरसबी (बीन्स) अशा महाग मालाचा भाव बरेचदा पावावर सांगतात. त्यात फसवणूक नाही, तिथली माणसं तेवढंच घेतात म्हणून तसा सांगतात. पण नवीन माणूस फक्त आकडा ऐकतो, खूश होऊन किलोभर मागतो आणि बिलाच्या वेळी गोंधळतो. म्हणून आकड्याच्या आधीचा शब्द ऐकायची सवय लावा : ‘किलो’, ‘अर’ की ‘काल’.

तु : मुरुंगक्का रेंडु कुडुंग. (शेवग्याच्या शेंगा दोन द्या.)
भा : ओण्णु अंजु रूबा. (एक पाच रुपयांना.)
तु : एन्न कीरै इरुक्कु? (कोणती पालेभाजी आहे?)
भा : अरक्कीरै, मुळक्कीरै, पोन्नांगण्णि. कट्टु इरुवदु.

‘कीरै’ म्हणजे कुठलीही पालेभाजी, ‘कट्टु’ म्हणजे जुडी. सुरुवातीला अरक्कीरै किंवा मुळक्कीरै घ्या. दोन्ही आपल्या माठाच्या नात्यातल्या, त्यामुळे घरी नेहमीसारखी लसूण-मिरचीची भाजी होते. पालक ‘पालक कीरै’ म्हणून मिळतो, मेथी ‘वेंदय कीरै’ म्हणून, अंबाडी ‘पुळिच्च कीरै’ म्हणून. कीरै सकाळीच घ्यावी, दुपारनंतर जुडी मान टाकते.

तु : कोंजम कोरच्चुक्कोंग. (थोडं कमी करा.)
भा : कट्टुप्पडि आगादु. (परवडत नाही.)
तु : सरि, ओरु कट्टु कुडुंग. मोत्तम एव्ळो? (बरं, एक जुडी द्या. एकूण किती?)
भा : एंबत्तंजु.

घासाघीस एकदाच करा, आणि तीही रस्त्यावरच्या गाडीवर किंवा पाटीवाल्याकडे. सरकारी ‘उळवर सन्दै’त, म्हणजे शेतकरी थेट माल विकतात त्या बाजारात, ती करू नये. तिथे रोजचे भाव ठरवून फळ्यावर लिहिलेले असतात. हे बाजार 1999 मध्ये मदुरैपासून सुरू झाले, कोइमतूरला आर. एस. पुरममध्येही आहे. फळ्यावरचे आकडे आपल्या ओळखीचे इंग्रजी असतात, त्यामुळे तमिळ वाचता येत नसेल तरी भाजीकडे बोट दाखवून भाव कानाने ऐकायचा आणि फळ्यावर डोळ्यांनी ताडून पाहायचा. आकडे शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. मात्र सकाळी लवकर जा.

आता हिशोब. टोमॅटो अर्धा किलो 20, भेंडी पाव 15, छोटा कांदा पाव 20, शेंगा दोन 10, कीरै 20. झाले 85. हा हिशोब मनात तयार नसेल तर ‘एंबत्तंजु’ कानाला ‘अंबत्तंजु’ वाटतं, तुम्ही साठ रुपये पुढे करता, आणि कुणाचं चुकलं हे दोघांनाही कळत नाही. म्हणून प्रत्येक भाजी पिशवीत पडताना बेरीज मराठीत करत जा. तमिळ आकडा फक्त पडताळण्यासाठी ऐका.

भा : सिल्लर इरुक्का? (सुटे आहेत का?)
तु : इल्ल अक्का, नूरु रूबादान इरुक्कु. (नाही, शंभरच आहेत.)
भा : इंदांग, पदिनंजु. (हे घ्या, पंधरा.)
तु : करुवेप्पिल, कोत्तमल्लि कोंजम पोडुंग. (थोडा कढीपत्ता, कोथिंबीर टाका.)

हे शेवटचं मागायला संकोच करू नका. वरकड म्हणून मूठभर देण्याला ‘कोसुरु’ म्हणतात. मात्र दोन-चार भाज्या घेतल्यावर, पैसे दिल्यानंतर मागायचं. नुसती कोथिंबीर हवी असेल तर जुडी विकत घ्या. फोनवरून पैसे द्यायचे असतील तर ‘जीपे पण्णलामा?’ एवढं पुरतं.

कापडी पिशवी घरूनच न्या. तमिळनाडूत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर 1 जानेवारी 2019 पासून बंदी आहे. ‘पै इरुक्का?’ असं विचारलं तर ते पिशवीबद्दल आहे, पैशांबद्दल नाही. मराठी कान इथे हमखास चुकतो आणि हात खिशाकडे जातो.

घरी आल्यावर माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याच अक्काकडे जाऊन ‘अळुगि इरुक्कु, मात्ति कुडुंग’ म्हणा : ‘सडलेलं आहे, बदलून द्या.’ ठरलेलं गिऱ्हाईक असेल तर ती बहुधा बदलून देते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रोज नवी गाडी न धुंडाळता एकाच ठिकाणी घेत राहा.