लाजऱ्या इंजिनिअरने मुलाखतीसाठी भाषणकलेची पुस्तकं कशी वापरावीत

भाषणकलेची पुस्तकं लाजऱ्या मुलामुलींच्या फारशी कामाला येत नाहीत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पुस्तकात नसतं. ती मनातल्या मनात वाचली जातात. सर्किट थिअरी तशी वाचली तर चालते, पण बोलण्याचं पुस्तक वाचताना तोंड बंद राहिलं तर मुलाखतीच्या खोलीतही ते बंदच राहतं. म्हणून इथे पुस्तकांची लांब यादी देत नाही. तीन पुस्तकं पुरतात, आणि तीही पूर्ण वाचायची गरज नाही. अंतिम वर्षाला असलेल्या किंवा नुकतंच पास होऊन पूल कॅम्पसला बसणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी अडतं कुठे ते ओळखा

फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला. कागद समोर ठेवू नका. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका आणि फक्त तीन गोष्टींकडे कान द्या. प्रोजेक्ट नेमकं काय करतो हे कितव्या वाक्यात कळलं? आवाज एकाच पट्टीत चालला होता का? आणि वाक्य सुचेना तेव्हा तुम्ही गप्प राहिलात, की ‘बेसिकली’, ‘अॅक्च्युअली’ने जागा भरली?

मुद्दाच उशिरा आला असेल, तर अडचण मांडणीची आहे. आवाज सपाट आणि घाईचा असेल, तर ती उच्चाराची आणि विरामाची. मुळात रेकॉर्डिंगचं बटण दाबायलाच हात धजत नसेल, तर भीतीची. प्रत्येकीचं पुस्तक वेगळं.

मांडणी: बार्बरा मिंटो यांचं ‘द पिरॅमिड प्रिन्सिपल’

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत मिंटो अहवाल लिहिण्याचं प्रशिक्षण देत, त्यातून हे पुस्तक आलं. ते लेखनावर आहे आणि पुढे पुढे जड होत जातं. मुलाखतीपुरता पहिला भाग वाचा. त्यातला मुख्य नियम असा की निष्कर्ष आधी सांगायचा, त्याला आधार देणारे मुद्दे त्याच्याखाली. इंजिनिअरिंगच्या रिपोर्टमध्ये आपण नेमकं उलटं शिकलेलो असतो. इंट्रोडक्शन, लिटरेचर सर्व्हे, ब्लॉक डायग्रॅम आणि शेवटी रिझल्ट. बोलतानाही तोच क्रम तोंडात येतो आणि समोरच्याला रिझल्टपर्यंत थांबायला वेळ नसतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, निफाडकडच्या एका मुलाने द्राक्षबागेसाठी ठिबक आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा बनवली आहे. त्याचं पहिलं रेकॉर्डिंग साधारण असं असेल: “आमचा प्रोजेक्ट आयओटीवर आधारित आहे. आयओटी म्हणजे इंटरनेट ऑफ थिंग्ज. आम्ही मायक्रोकंट्रोलर वापरला, मॉइश्चर सेन्सर वापरला, रिले वापरला…” पाचव्या वाक्यापर्यंत द्राक्षाचं नाव नाही.

मिंटोंच्या नियमाने पहिलं वाक्य होतं, “आवर सिस्टिम स्टार्ट्स द ड्रिप ओन्ली व्हेन द सॉइल इज ड्राय.” त्याखाली तीन आधार: गरज का पडली, यंत्रणा कशी चालते, चाचणीत काय अडलं. या तिसऱ्या आधाराला सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी स्वस्तातला रेझिस्टिव्ह सेन्सर लावला होता. त्याच्या पट्ट्या ओल्या मातीत सतत वीज वाहिल्याने गंजल्या आणि पाणी तेवढंच असताना आकडे बदलू लागले. म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर बसवला. त्यात धातू मातीला थेट लागत नाही. हे तीन वाक्यांत सांगता आलं की प्रोजेक्ट खरंच तुम्ही केला आहे हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पुढचे प्रश्नही तिथूनच निघतात, म्हणजे तुम्हाला येणाऱ्या भागातून.

हे उत्तर पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, आणि लाजऱ्या माणसाला ती शांतता फार लांब वाटते. चिठ्ठीवर फक्त चार शब्द लिहा: ‘ड्राय’, ‘गरज’, ‘रिले’, ‘गंज’. दर वेळी वाक्यं नवी होऊ द्या.

आवाज आणि विराम: ‘द आर्ट ऑफ पब्लिक स्पीकिंग’

डेल कार्नेगी आणि जे. बर्ग एसेनवाइन यांचं हे पुस्तक १९१५ सालचं आहे. त्याचा कॉपीराइट संपलेला असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं. भाषा जुनी आणि उदाहरणं त्या काळच्या अमेरिकन भाषणांची, त्यामुळे सगळं वाचायला गेलात तर कंटाळून सोडाल. पहिली सहा प्रकरणं घ्या. त्यांत सभेपुढचा आत्मविश्वास, एकसुरीपणा, शब्दांवरचा जोर, आवाजाची पट्टी, वेग आणि विराम हे विषय येतात.

माझ्या मते विरामाचं प्रकरण सर्वांत मोलाचं आहे. महत्त्वाच्या शब्दाआधी थांबलं की ऐकणारा तयार होतो, नंतर थांबलं की ते त्याच्या मनात उतरतं, आणि बोलणाऱ्याला पुढचं जुळवायला सवड मिळते. ‘बेसिकली’ची सवय इथेच सुटते, कारण त्या शब्दाच्या जागी गप्प राहणं चालतं हे पटतं.

सराव असा करा. प्रकरणातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याचा एकेक शब्द वहीत टिपून पुस्तक मिटा. दोन दिवसांनी त्या टिपणांवरून तोच आशय आपल्या इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा आणि मग मूळ परिच्छेदाशी ताडून पाहा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी लेखन सुधारायला हीच रीत वापरली होती, हे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना तिचा दुहेरी फायदा होतो. शब्द बोलताना जिभेवर येतात, आणि आपण मनात मराठीतून वाक्य जुळवून मग इंग्रजी करतो ते कुठे होतं, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तिथे वाक्य लहान करा.

भीती: सुझन केन यांचं ‘क्वाएट’

२०१२ साली आलेल्या या पुस्तकातला एक फरक आधी समजून घ्या. लोक नावं ठेवतील ही भीती म्हणजे लाजाळूपणा. गोंगाटापेक्षा शांतता आवडणं म्हणजे अंतर्मुखता. तुम्ही नुसतेच अंतर्मुख असाल तर स्वभाव बदलायच्या खटपटीत पडू नका, मुलाखतीच्या आधी अर्धा तास घोळक्यापासून दूर बसा. लाजाळू असाल तर मात्र ऐकणारी माणसं हळूहळू वाढवावी लागतात. आधी फोन, मग घरातलं एक माणूस, मग वर्गातले दोन मित्र, मग ओळख नसलेले सर किंवा मॅडम. एका पायरीवर छातीतली धडधड पहिल्या दोन-तीन वाक्यांनंतर शमू लागली की पुढची पायरी घ्या. हे पुस्तक बोलायला शिकवत नाही, त्यामुळे हातात फक्त तीन आठवडे असतील तर ते बाजूला ठेवा.

पुस्तकं विकत घेण्याआधी १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात विचारून या. आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, तिथे वही घेऊन बसा. वक्ता कुठे थांबतो, थांबल्यावर पुढे काय बोलतो, एवढंच टिपा. विषय कोणताही असला तरी चालेल.

पुस्तकाला तुमचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा शेवटची तपासणी माणसाकडूनच करून घ्या. तुमच्या शाखेबाहेरच्या मित्राला दीड मिनिटात प्रोजेक्ट सांगा. इंग्रजीत सावकाश बोललात तर हे दोनशेच्या आसपास शब्द होतात. मग त्याला विचारा, “मी काय बनवलं?” त्याने ठिबक आणि कोरडी माती सांगितली तर मांडणी जमली. त्याने “काहीतरी आयओटीचं” म्हटलं तर पहिलं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.