बँकेच्या दारात जाण्याआधी: कुंडईतल्या कारखान्याची तयारी

औषध कंपन्यांना लागणारी छापील खोकी बनवणारा गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. नवी मशीन ८ कोटींची. २ कोटी साठवलेल्या नफ्यातून निघतात, उरले ६. ते सगळे बँकेकडून घ्यायचे, की ३ कोटींचं कर्ज आणि ३ कोटींचं भागभांडवल, एवढाच प्रश्न आहे.

कागद काढायला बसाल तेव्हा आधी मागच्या तीन वर्षांची कर विवरणपत्रं काढा, ताळेबंद नंतर. व्याज नफ्यातून वजा होतं, लाभांश होत नाही. कर्जाची गोडी तिथेच आहे. कंपनी २२ टक्क्यांच्या दरात असेल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर पडतो. १० टक्के दराने ६ कोटींवर पहिल्या वर्षी ६० लाख व्याज, म्हणजे १५ लाखांची करबचत. ३ कोटींवर साडेसात लाख. पूर्ण कर्ज घेतल्याने जास्तीचे मिळतात ते हे साडेसात लाख, तेही दरवर्षी मुद्दल फिटेल तसे कमी होत जाणारे. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण ‘व्याजावर कर वाचतो’ हे वाक्य ऐकताना तो नेहमी मोठा वाटतो.

मशीन कधी चालू होईल त्याची तारीखही लिहा, आणि पावसाळा धरून लिहा. मे अखेरीस मशीन आली, शेडचं काम आणि विजेचा वाढीव भार गणेश चतुर्थीपर्यंत लांबला, तर मशीन वापरात येईपर्यंतचं व्याज खर्चात धरता येत नाही. ते मशीनच्या किमतीत मिळवावं लागतं आणि घसाऱ्यातून हळूहळू परत येतं. बँकेच्या व्याजाची वजावट ते प्रत्यक्ष भरलं तरच मिळते, हेही विसरू नका. थकलेलं व्याज बँकेने नव्या कर्जात वळवलं, तर ते भरलं असं कर खातं मानत नाही.

आता वाईट वर्षाचा हिशेब. यासाठी एक दुपार मोकळी ठेवा. जुन्या कर्जाचा हप्ता व्याजासकट वर्षाला ४० लाख. नवं ६ कोटींचं कर्ज सहा वर्षांत फेडायचं तर पहिल्या वर्षी १ कोटी ६० लाख. एकूण २ कोटी. अर्ध्या कर्जात हेच १ कोटी २० लाख होतात. व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीचा नफा ३ कोटी २० लाख असेल तर दोन्ही झेपतात. पण सर्वात मोठ्या गिऱ्हाईकाने ऑर्डर तोडली आणि तो दीड कोटीवर आला, तर पूर्ण कर्जात ५० लाख कमी पडतात, अर्ध्या कर्जात ३० लाख उरतात. आणि गंमत बघा, घसारा वजा केल्यावर त्या वर्षी करपात्र नफाच नाही, म्हणजे ती करबचतही त्या वर्षी हातात येत नाही. तोटा पुढे ओढता येतो, पण हप्ता या महिन्याचा असतो.

अडचणीचा खर्च म्हणजे जप्ती, असं समजू नका. जप्ती सगळ्यात शेवटी येते. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा टिपरचे हौदे बनवणारा एक वर्कशॉपवाला मी जवळून पाहिला. आधी पत्र्याच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली, मग दोन चांगले वेल्डर गेले, नोटीस त्यानंतर आली. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादित होतं, पण बाजाराला त्याच्या खूप आधी वास लागतो.

म्हणून तुमच्या कारखान्यात हा खर्च कुठून येईल ते स्वतः लिहा: कागद गिरणीला आगाऊ पैसे, गेलेली रोख सूट, औषध कंपनीची पुरवठादार तपासणी अडली तर गेलेल्या ऑर्डरी. समजा ६० लाख झाले. साडेसात लाखांना साठाने भागा, आठात एक. वाईट वर्ष आठात एकदापेक्षा जास्त वेळा येईल असं वाटत असेल, तर पूर्ण कर्जाची करबचत अपुरी पडते. निम्मी विक्री एकाच गिऱ्हाईकाकडे असलेल्याला मी पाचात एक धरायला सांगेन. विक्री सात-आठ कंपन्यांत विभागलेली असेल तर सगळं कर्ज घ्यायलाही माझी हरकत नाही.

भागभांडवल बाहेरूनच यावं असं नाही. घरच्यांचे पैसे कंपनीला बिनतारण कर्ज म्हणून द्या आणि बँकेची फेड होईपर्यंत काढणार नाही असं लिहून द्या. बऱ्याच बँका ते स्वतःच्या भांडवलासारखं धरतात. फक्त त्यावरचं व्याज वाईट वर्षात थांबवता येईल, असं करारात लिहिलेलं असू द्या. भाऊच पैसे देतोय म्हणून हे तोंडी ठेवू नका.

आणि भूखंड औद्योगिक विकास महामंडळाकडून भाडेपट्ट्यावर आहे, तेव्हा तो तारण ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.