‘काइंडली’नं भागत नाही: अनोळखी माणसाला पहिला मेसेज

परदेशात येऊन मला बरीच वर्षं झाली. नवीन आलेली मंडळी नोकरीसाठी अनोळखी लोकांना लिहिलेले मेसेज पाठवण्याआधी मला दाखवतात, आणि बहुतेक मेसेजमध्ये एकच गोष्ट आढळते. लिहिणारा मनापासून नम्र असतो, पण वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस गळ्यात पडतोय.

याचं कारण बरंचसं आपल्या भाषेत आहे. मराठीत आपण ‘जरा’, ‘जमलं तर’, ‘बघता का’ अशा बारक्या शब्दांनी विनंती मऊ करतो. इंग्रजीत लिहायला बसलो की हे शब्द गळून पडतात आणि नुसतं आज्ञार्थी क्रियापद उरतं. ती उणीव भरायला आपण ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ पेरतो. ‘काइंडली रेफर मी’ हे आपल्याला आर्जव वाटतं, पण समोरच्याला ते कार्यालयीन हुकुमासारखं ऐकू येतं. ‘डू द नीडफुल’चंही तेच. पण शब्द बदलून अर्धंच काम होतं. खरा दबाव मागणीच्या आकारात असतो.

एक उदाहरण घेऊ. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला सुट्या भागांच्या साठ्याचं नियोजन करण्याचा सहा वर्षांचा अनुभव आहे. त्याच क्षेत्रातल्या एका वरिष्ठ व्यवस्थापकाला तिनं लिहिलेला मेसेज मराठीत सांगायचा तर असा होता:

‘आदरणीय सर, मी नुकतीच इथे आले असून नोकरीच्या शोधात आहे. मला सहा वर्षांचा अनुभव आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे. तो पाहून आपल्या कंपनीत योग्य जागेसाठी माझं नाव सुचवावं, ही नम्र विनंती. लवकरात लवकर उत्तराची वाट पाहते.’

यात एकही उद्धट शब्द नाही. तरी त्या माणसाला किती कामं लावली आहेत, मोजा. बायोडेटा उघडायचा, वाचायचा, कंपनीत कुठे जागा आहे ते शोधायचं, ती हिला जुळते का ते ठरवायचं आणि मग स्वतःच्या नावावर शिफारस करायची. शिफारस म्हणजे नुसता फॉर्म भरणं नव्हे. ‘या व्यक्तीला कसे ओळखता?’ असं कंपनी विचारू शकते, आणि ‘ओळखत नाही’ हे त्याचं खरं उत्तर असतं. त्यामुळे अनोळखी माणसाकडे पहिल्याच मेसेजमध्ये शिफारस मागितली की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: नकार द्यायचा किंवा गप्प बसायचं. बहुतेक जण गप्प बसतात.

त्या व्यवस्थापकानं एका व्याख्यानात राखीव साठा ठरवण्याबद्दल सांगितलं होतं आणि हिनं ते ऐकलं होतं. हे पहिल्या मेसेजमध्ये आलंच नव्हतं! आम्ही बसून तो पुन्हा लिहिला:

‘नमस्कार. राखीव साठ्यावरचं तुमचं व्याख्यान ऐकलं. मी सहा वर्षं सुट्या भागांचं नियोजन करत होते. राखीव साठा आम्ही हातानं ठरवायचो, तुम्ही तो मागणीच्या चढउतारावरून काढता असं म्हणालात. एक प्रश्न पडला: नव्या भागाला मागणीचा इतिहासच नसतो, मग त्याचा पहिला आकडा कशावरून धरता? मी अलीकडेच इथे आले आहे आणि याच कामात पुढे जायचं आहे. दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे. सध्या वेळ नसेल तर काहीच हरकत नाही.’

आता मागणी एकच आहे आणि ती जागेवरून न उठता पुरी करता येते. उत्तर तोच देऊ शकेल असा प्रश्न आहे. ‘मी नवीन आले आहे’ ही माहिती आहे, पण तिचं ओझं त्याच्यावर टाकलेलं नाही. आणि नकाराचं दार एकदाच, शेवटी, उघडं ठेवलं आहे. ‘तुमचा अमूल्य वेळ घेतल्याबद्दल हजारदा क्षमस्व’ असलं काही घालू नका. जास्त माफी मागितली की समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते, म्हणजे पुन्हा एक कामच. बायोडेटाही जोडू नका. मार्गदर्शन मागताना बायोडेटा चिकटवला की प्रश्न निमित्त होता, हे लगेच कळतं.

चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं: मिळत्याजुळत्या जुन्या भागाचा इतिहास उसना घ्यायचा आणि खरी मागणी दिसू लागली की आकडा सुधारायचा. नोकरीबद्दल एक अक्षर नव्हतं. हिनं आभार मानले. दोन आठवड्यांनी, आपल्या जुन्या कामातल्या एका उदाहरणावर ती रीत लावून पाहिली तेव्हा काय निघालं, ते तिनं तीन ओळींत कळवलं. मग त्यानंच विचारलं, सध्या काय शोधताय? वीस मिनिटं फोनवर बोलायची विनंती तिनं त्यानंतर केली, सोयीच्या दोन वेळा सुचवून. मदत मागणाऱ्यानं स्वतःच्या कॅलेंडरची लिंक पाठवून ‘यातली वेळ निवडा’ म्हणू नये, असं माझं मत आहे. काहींना ते सोयीचं वाटतं, मला खटकतं.

रिक्रूटरची गोष्ट वेगळी. त्याला कुतूहलाचा प्रश्न नको असतो, त्याला एक विशिष्ट जागा भरायची असते. तो कंपनीसाठी काम करतो, एजन्सीचा असला तरी पैसे बहुधा कंपनीच देते. म्हणून ‘माझ्यालायक काही असेल तर कळवा’ हे त्याच्या काही उपयोगाचं नाही. पदाचं नाव आणि जाहिरातीतला क्रमांक, त्यातल्या दोन अटी तुम्ही कशा पुऱ्या करता, कामाच्या परवान्याची स्थिती आणि कधीपासून रुजू होऊ शकाल, एवढं पाच-सहा ओळींत लिहा. इथे बायोडेटा जरूर जोडा. परवान्याची ओळ अनेकजण लपवतात, का कोण जाणे. परवान्यासाठी कंपनीचं प्रायोजकत्व लागणार असेल तर आधीच लिहा. तिसऱ्या फेरीत ते कळलं तर दोघांचाही वेळ वाया जातो, आणि तो रिक्रूटर तुमचं नाव लक्षात ठेवतो ते वेगळ्या कारणानं.

संबोधनाचा घोळ सोपा आहे. ती व्यक्ती स्वतः खाली सही कशी करते, ते पाहा आणि तसंच लिहा. नुसतं ‘हाय’ लिहून उत्तराची वाट बघत बसू नका.

उत्तर आलं नाही तर सात-आठ कामाच्या दिवसांनी एकदाच लिहा, आणि त्यात काहीतरी नवीन असू द्या. ‘माझा आधीचा मेसेज पाहिलात का?’ हा तगादा झाला. मी स्वतः एकदा उतावीळपणे एकाच कंपनीतल्या तिघांना शब्दशः तोच मेसेज पाठवला होता. ते तिघे एकाच टीममध्ये बसत होते. एकानं मला अगदी सभ्यपणे लिहिलं, ‘आमच्यापैकी नेमकं कोणी उत्तर द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे?’ मी दिलगिरी व्यक्त करून विषय तिथेच सोडला. तेव्हापासून एका टीममध्ये एकालाच लिहितो, आणि दुसऱ्या मेसेजलाही उत्तर आलं नाही तर थांबतो.