‘शेड दुरुस्ती’ या दोन शब्दांत लपलेली पडवी

भांडवली खर्च ताळेबंदात, महसुली खर्च नफातोटा पत्रकात, एवढं तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं. तरी दापोलीत एका करसल्लागारांकडे नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी या फरकात अडकलो आणि एका अशिलाला त्याचे पैसे भरावे लागले. ते प्रकरण आकड्यांसकट सांगतो, कारण नवीन मुलं अजूनही नेमकी तिथेच अडकताना मला दिसतात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या एका अशिलाचा काजूचा कारखाना आहे, भागीदारी फर्म. वादळात शेडचे सिमेंटचे पत्रे उडाले, दोन कैच्या वाकल्या. विमा नव्हता. पावसाळ्यात ताडपत्री टाकून कसंबसं भागवलं आणि पुढे फॅब्रिकेटरकडून लोखंडी पत्रे बसवून घेतले. डिसेंबरात काम संपलं आणि बिल आलं. त्यावर एकच ओळ होती : ‘शेड दुरुस्ती व पत्रे बसविणे, रु. 6,30,000.’

मी काकांना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, फोन केला. ते म्हणाले, “अरे, वादळानं नेलं तेच परत घातलं. दुसरं काय असणार?” मी सगळी रक्कम ‘इमारत दुरुस्ती’च्या लेजरला टाकली. कारखाना दहा किलोमीटरवर होता, पण मी तो बघायला गेलो नाही.

पुढे आयकर विभागाची नोटीस आली. आदल्या वर्षी दुरुस्ती चाळीस हजारांच्या आत होती, या वर्षी सहा लाखांवर का, असा साधा प्रश्न होता. आम्ही बिल आणि वादळानंतरचा पंचनामा जोडला. पंचनाम्यात नुकसान झालेलं छप्पर 2,600 चौरस फूट होतं. मग फॅब्रिकेटरचं मोजमापाचं पत्रक मागितलं गेलं, त्यात 3,400 चौरस फूट निघाले. मधले 800 फूट कुठून आले? तेव्हा मी कारखान्यावर गेलो. शेडच्या पूर्वेला नवी पडवी उभी होती. नवे खांब, नवा कोबा, आणि बायका तिथे काजू सोलायला बसलेल्या. वादळाआधी तिथे मोकळं अंगण होतं. काकांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते एकच काम होतं, एकाच माणसाने एकाच महिन्यात केलेलं.

हिशेब असा होता. जुन्या शेडचं छप्पर 150 रुपये फुटाने 3,90,000. पडवी 300 रुपये फुटाने 2,40,000. पहिला भाग महसुली, त्याच वर्षी पूर्ण वजा. दुसरा भांडवली, त्याच्यावर फक्त घसारा. कारखान्याच्या इमारतीचा घसारा 10 टक्के. पण पडवी डिसेंबरात वापरात आली, म्हणजे त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून अर्धा दर, 5 टक्के. त्या वर्षी मिळाले 12,000. उरलेले 2,28,000 उत्पन्नात मिळवले गेले. फर्मचा कर 30 टक्के आणि वर सेस धरून 31.2 टक्के, म्हणजे 71,136 रुपये आणि वरून व्याज. ते 2,28,000 बुडाले नाहीत. पुढच्या वर्षी त्यावर 10 टक्क्यांनी 22,800 मिळाले, त्यानंतर दर वर्षी थोडे कमी. पण कर आज द्यायचा आणि सूट वर्षानुवर्षं झिरपत घ्यायची, हे वादळातून नुकत्याच उठलेल्या माणसाला फार जड जातं.

आता जिथे मी चुकलो ते नीट समजून घ्या. मी बिलावरचा शब्द वाचला, काम पाहिलं नाही. ‘दुरुस्ती’ हा शब्द फॅब्रिकेटरने लिहिलेला असतो आणि त्याला आयकर माहीत नसतो. विचारायचं ते हे : जे होतं तेच टिकवलं, की जे नव्हतं ते आलं? मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शोरॉक मिलच्या खटल्यात 1956 मध्ये हीच कसोटी घातली. असलेली मालमत्ता जपायला केलेला खर्च चालू दुरुस्ती. नवी मालमत्ता किंवा नवा फायदा आणणारा खर्च तसा नाही. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चित्रपटगृहाच्या खटल्यात तीच मानली. तिथे यंत्रं, खुर्च्या, वायरिंग, बांधकाम असं सगळंच नवं केलं होतं, म्हणून तो खर्च दुरुस्ती धरला गेला नाही. जुन्या कैच्यांवर सिमेंटच्या जागी लोखंडी पत्रा आला, एवढ्याने आमचं छप्पर भांडवली झालं नाही. शेड तीच, फूट तेवढेच. शेड पाडून नवी बांधली असती तर तीही भांडवली झाली असती.

दुसरी चूक घाबरून केली. पुढच्या मे महिन्यात त्याच कारखान्यात बॉयलरच्या नळ्या बदलल्या, 85,000 रुपये. आदल्या प्रकरणाने हात पोळलेले, रक्कमही मोठी, म्हणून मी ती यंत्रसामग्रीत टाकली. 15 टक्क्यांनी 12,750 घसारा मिळाला आणि 72,250 वर त्या वर्षी उगाच कर गेला. बॉयलर तोच होता, नळ्या झिजल्या होत्या, हे स्वच्छ महसुली. अख्खा बॉयलर बदलला असता तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सूतगिरणीच्या खटल्यात सांगितलं की रिंग फ्रेम हे स्वतःच एक यंत्र आहे, ते बदललं तर ती चालू दुरुस्ती नव्हे.

म्हणून ‘अमुक हजारांच्या वर गेलं की भांडवली’ असं शिकवणारे सीनियर भेटले तर त्यांचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका. आणि गेल्या वर्षीची एन्ट्री बघून यंदाची टाकणारे तर मला सहनच होत नाहीत. गेल्या वर्षी पडवी बांधली होती का, हे त्या एन्ट्रीला माहीत नसतं.

घाबरू नका, बहुतेक बिलं सरळ असतात. रंगकाम, कौलं परतणं, मोटर रिवाइंड करणं यांत विचार करायला काही नाही. अडचण मिश्र बिलात आहे, आणि कोकणात पावसाच्या आधी आणि वादळाच्या नंतर मिश्र बिलंच येतात. पैसे देण्याआधीच फॅब्रिकेटरकडून दोन वेगळी बिलं मागा, नाहीतर मोजमापाचं पत्रक तरी. पैसे गेल्यावर तो फोन उचलत नाही. कामाआधीचे फोटो ठेवा, आणि नवा भाग कोणत्या तारखेला वापरात आला ते लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्या वर्षीचा घसारा पूर्ण मिळतो की अर्धा हे ठरतं.

आमचा फॅब्रिकेटर जीएसटीत नोंदलेला नव्हता. नोंदलेला असता तर पडवीवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळालं नसतं, कारण इमारतीच्या कामात जेवढा खर्च भांडवली धरता तेवढ्यापुरतं ते अडतं. दुरुस्तीच्या भागावर मिळालं असतं. त्यामुळे आयकरात एक वाटणी आणि जीएसटीत दुसरी, असं करून चालत नाही.

शेड भाड्याची असेल तर काय, असं हल्ली बरेच जण विचारतात. भाडेकरूने स्वखर्चाने पडवी बांधली तरी तो खर्च भांडवलीच, पण त्याच्यावरचा घसारा भाडेकरूलाच मिळतो, जागामालकाला नाही. त्यासाठी भाडेकरार आणि पडवीचं बिल दोन्ही फाइलला लावून ठेवा.