एफटीपी लॉगिन होतं पण फोल्डर लिस्टच येत नाही? या चुका टाळा

पासवर्ड बरोबर, लॉगिन ओके, आणि मग लिस्ट मागितली की स्क्रीन तशीच थांबते आणि शेवटी टाइमआउट. असं झालं की बरेच जण २१ नंबर पोर्ट परत परत तपासत बसतात, पण लॉगिन झालंय म्हणजे २१ चालूच आहे ना! एफटीपी दोन कनेक्शन वापरतं, २१ वर फक्त कमांड जातात, लिस्ट आणि फाइल वेगळ्या डेटा कनेक्शनवरून येतात आणि अडकतंय ते हे दुसरं.

अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये क्लायंट आपला आयपी आणि पोर्ट सांगतो आणि सर्व्हर, साधारणपणे २० नंबर पोर्टवरून, उलटा त्याच्याकडे कनेक्ट होतो. क्लायंट घरच्या राउटरमागे असेल तर बाहेरून आलेलं हे कनेक्शन कुणाला द्यायचं ते राउटरला बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून पॅसिव्ह वापरा, त्यात दोन्ही कनेक्शन क्लायंटच करतो. आणि हो, पॅसिव्हसाठी सर्व्हरवर २० उघडून काहीही होत नाही, ही चूक मीसुद्धा केलीये.

आता सर्व्हरच राउटरमागे असेल तर? क्लायंटच्या लॉगमध्ये ही ओळ शोधा:

```
227 Entering Passive Mode (192,168,1,10,195,90)
```

पहिले चार आकडे म्हणजे आयपी, शेवटच्या दोनातून पोर्ट निघतो: १९५ गुणिले २५६ अधिक ९०, म्हणजे ५००१०. इथे दोन घोळ आहेत, एक म्हणजे सर्व्हर आपला आतला पत्ता सांगतोय जो बाहेरून पोचणारच नाही, आणि दुसरं म्हणजे ५००१० हा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलाय का ते बघायला हवं. रेंज ठरवली नसेल तर पोर्ट दरवेळी वेगळा येतो, मग उघडणार तरी काय काय?

vsftpd असेल तर कॉन्फिगमध्ये हे टाका, पत्ता अर्थात तुमचा पब्लिक आयपी:

```
pasv_enable=YES
pasv_min_port=50000
pasv_max_port=50100
pasv_address=203.0.113.25
```

सर्व्हिस रिस्टार्ट करा, मग २१ आणि ५००००-५०१०० टीसीपी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडा आणि राउटरवर फॉरवर्ड करा. फॉरवर्ड करताना बाहेरचा आणि आतला नंबर तोच ठेवा, कारण क्लायंट सर्व्हरने सांगितलेल्याच पोर्टवर जातो.

टेस्ट बाहेरच्या नेटवरून करा, आतून १९२.१६८ वाला पत्तासुद्धा चालतो आणि सगळं ठीक वाटतं. अजून एक फसवणूक म्हणजे काही क्लायंट २२७ मधला आयपी बाजूला ठेवून २१ ला जोडलेलाच पत्ता वापरतात, त्यामुळे एकाला चालतं आणि दुसऱ्याला नाही.

आणि साधं एफटीपी चालतं पण टीएलएस लावलं की बंद पडतं, असं असेल तर तुमचा राउटर आत्तापर्यंत २२७ ची ओळ वाचून पत्ता बदलत होता आणि पोर्ट उघडत होता, एन्क्रिप्ट झाल्यावर त्याला ती वाचताच येत नाही, तेव्हा वरची रेंज स्वतः उघडायलाच लागते.